मोकळी दांडी, टोकावरची धडक आणि वहीतला M/3

प्रश्न: गुळगुळीत टेबलावर M वस्तुमानाची, L लांबीची एकसारखी दांडी मोकळी पडली आहे. m वस्तुमानाचा कण v वेगाने काटकोनात येऊन तिच्या टोकावर आदळतो आणि जागीच थांबतो. टक्कर पूर्ण प्रत्यास्थ. माझं m = M/3 येतंय, उत्तर M/4 दिलंय. कुठं चुकतंय?

तुमची वही न बघता सांगतो. कोनीय संवेग तुम्ही दुसऱ्या टोकाभोवती घेतलाय आणि मोमेंट ऑफ इनर्शिया ML²/3 धरलंय. म्हणजे ते टोक मनातल्या मनात खिळ्यानं ठोकून टाकलंय. मी लातूरला शिकवणी घेतो. हा M/3 दरवर्षी कुणाच्या ना कुणाच्या वहीत निघतोच. तो चूक नाही, पण उत्तर दुसऱ्या गणिताचं आहे: बिजागरीत अडकवलेल्या दांडीचं.

तुमच्या दांडीला धरणारं कुणी नाही, त्यामुळे ती सरकेलही आणि फिरेलही. धडकेनंतर वस्तुमान केंद्राचा वेग V आणि कोनीय वेग ω धरा. कण थांबला, म्हणजे त्याचा सगळा संवेग दांडीकडे गेला:

mv = MV

कोनीय संवेग दांडीच्या मध्याभोवती घ्या. कणाचा मध्यापासूनचा लंब L/2, म्हणून:

mvL/2 = (ML²/12)ω

इथून V = mv/M आणि ω = 6mv/(ML). ऊर्जेचं समीकरण ½mv² = ½MV² + ½(ML²/12)ω² आहे. त्यात हे दोन्ही घातले की 1 = m/M + 3m/M उरतं, म्हणजे m = M/4. उजव्या बाजूची दोन पदं नीट बघा. पाव ऊर्जा सरकण्यात गेली, पाऊण फिरण्यात. M/3 काढताना हे सरकणं निसटतं.

आकडे घालून बघू. दांडी 400 ग्रॅमची, 60 सेंमी लांब. कण 100 ग्रॅमचा, वेग 2 मी/से. V निघतो 0.5 मी/से आणि ω 5 रेडियन/से. कणाकडे 0.2 ज्यूल होते, दांडीत 0.05 सरकण्याचे आणि 0.15 फिरण्याचे. हिशेब जुळला.

आता दांडीची टोकं बघा. मार बसलेल्या टोकाचा वेग 0.5 + 5 × 0.3 = 2 मी/से. कण ज्या वेगानं आला त्याच वेगानं टोक त्याच्यापासून लांब जातंय, आणि प्रत्यास्थ टक्करीत असंच व्हायला हवं. परीक्षेत ऊर्जेच्या वर्गांत अडकण्यापेक्षा हीच अट सरळ लिहा, V + ωL/2 = v. उत्तर दोन ओळींत येतं. दुसऱ्या टोकाचा वेग 0.5 − 1.5 = −1 मी/से. ते मागं येतंय! तुम्ही ज्याला खिळा ठोकला होता तेच टोक. खिळा असता तर त्यानं टोकाला पुढं ढकलून रोखलं असतं. तो बाहेरचा आवेग आहे, म्हणून तिथं रेषीय संवेग टिकत नाही आणि mv = MV लिहिता येत नाही. मोकळ्या दांडीत मागचं टोक उलटं पळून वाट देतं, त्यामुळे मार बसणारं टोक कणाला हलकं लागतं: M/3 ऐवजी M/4 एवढंच. M/3 चा कण या मोकळ्या दांडीवर सोडलात तर तो थांबणार नाही, v/7 वेगानं पुढंच जात राहील.

पोरांचा यावर विश्वास बसत नाही, म्हणून मी कॅरम काढतो. पावडर टाकायची, लाकडी फूटपट्टी आडवी ठेवायची. तिच्या एका टोकाजवळ, स्ट्रायकरच्याच बाजूला, बोटभर अंतर सोडून राणी ठेवायची आणि स्ट्रायकर दुसऱ्या टोकावर मारायचा. पट्टीचं टोक मागं येऊन राणीला मारणाऱ्याच्या दिशेनं ढकलतं. स्ट्रायकर मात्र जागीच थांबेल अशी अपेक्षा ठेवू नका; पट्टीचं वस्तुमान त्याच्या चौपट असेलच असं नाही, आणि लाकडावरची टक्करही पूर्ण प्रत्यास्थ नसते.

मग धडकेच्या क्षणी स्थिर राहणारा बिंदू कोणता? मध्यापासून V/ω = L/6 अंतरावर, पलीकडच्या बाजूला. म्हणजे मार बसलेल्या टोकापासून 2L/3. आदळलेल्या जागेभोवती कोनीय संवेग घेतलात तर कणाचा वाटा शून्य होतो आणि MVL/2 = (ML²/12)ω एवढंच उरतं; त्यात m नाहीच. म्हणून कण कितीही जड असो, थांबो, परत फिरो की मातीच्या गोळ्यासारखा चिकटो, दांडीवरचा हा बिंदू बदलत नाही. चिकटला तर ऊर्जेचं समीकरण मात्र खोडा, ते तिथं चालत नाही.