डिमेन्शिया असताना मृत्युपत्र

प्रश्न: आईला डिमेन्शियाची सुरुवात आहे. तिने आता केलेलं मृत्युपत्र चालेल का?

चालू शकतं. भारतीय उत्तराधिकार कायदा, १९२५ चं कलम ५९ आजाराचं नाव बघत नाही. सही करताना आपण काय करतोय हे तिला कळत होतं का, एवढंच बघतं. सकाळी काय खाल्लं ते आठवलं नाही तरी हरकत नाही. घर-ठेवी काय आहेत, मुलं कोण, कुणाला काय द्यायचं, हे मात्र तिला स्वतःहून सांगता आलं पाहिजे. सहीच्याच दिवशी डॉक्टरांनी तिच्याशी एकटीशी बोलून ही प्रश्नोत्तरं दाखल्यात लिहावीत; नुसतं ‘मानसिकदृष्ट्या सक्षम’ कोर्टात लंगडं पडतं. शक्यतो दोन साक्षीदारांपैकी एक तेच डॉक्टर असावेत. आणि ज्याला घर मिळणार त्यानेच वकील आणून सही करवली, तर संशय दूर करायचं ओझंही त्याच्यावरच येतं.