'स्वयंकाळजी' लिहिलंत, पण मोजलंत काय?

प्रश्न: नर्सिंगच्या प्रबंधासाठी ओरेम यांचा स्वयंकाळजीचा सिद्धांत घेतलाय. गाईड विचारतात, संकल्पना कुठे संपते आणि चल कुठे सुरू होतो? मराठीत हा फरक कसा सांगायचा?

संकल्पना डोक्यात असते, चल तक्त्यात उतरतो. ज्याच्यासमोर प्रत्येक रुग्णागणिक आकडा किंवा 'हो/नाही' लिहिता येतं, तो चल. (कुणी 'परिवर्तक' म्हणतात, त्यालाही हरकत नाही.) या दोहोंना जोडणारं वाक्य म्हणजे कार्यकारी व्याख्या.

तुमची खरी अडचण 'स्वयंकाळजी' या शब्दात दडली आहे. डोरोथिया ओरेम दोन गोष्टी वेगळ्या ठेवतात: स्वतःची काळजी घेण्याची क्षमता आणि प्रत्यक्ष घेतलेली काळजी. आपण मराठीत दोन्हींना सरसकट 'स्वयंकाळजी' म्हणून मोकळे होतो. मग प्रबंधातल्या चौकटीच्या आकृतीत कृतीचा चौकोन काढला जातो आणि हातात प्रश्नावली असते ज्ञानाची. ज्ञान हा क्षमतेचा फक्त एक भाग. शिकवल्यानंतर त्याचे गुण वाढले, की निष्कर्षात बिनदिक्कत 'स्वयंकाळजी सुधारली' असं येतं. कृती कुणी मोजलेलीच नसते!

समजा, उच्च रक्तदाबाच्या रुग्णांना परिचारिकेने औषधांविषयी शिकवायचं आहे. शिकवणं हा स्वाश्रयी चल. क्षमतेसाठी 'गोळी चुकली तर काय कराल?' अशा प्रश्नांचे गुण घ्या. कृतीसाठी मात्र गोळ्या मोजाव्या लागतील. रोज दोन याप्रमाणे 30 दिवसांच्या 60 गोळ्या दिल्या, रुग्णाने 9 परत आणल्या, म्हणजे 51 संपल्या. 51 भागिले 60, म्हणजे 85 टक्के. आता व्याख्या लिहा: 'या अभ्यासात औषध घेण्याची कृती म्हणजे 30 दिवसांत संपलेल्या गोळ्यांचं दिलेल्या गोळ्यांशी शेकडा प्रमाण.' 'संपलेल्या' हा शब्द मी मुद्दाम वापरलाय, कारण पाकिटातून गेलेली गोळी पोटात गेलीच असेल असं नाही. रक्तदाबाचा आकडा याच चौकोनात कोंबू नका. तो परिणाम आहे. गोळ्या वेळेवर घेऊनही मात्रा अपुरी असली तर रक्तदाब चढाच राहील.

बाणांचंही तसंच. क्षमतेकडून कृतीकडे बाण काढलात, तर गुण आणि टक्केवारी यांचा सहसंबंध तपासणारं गृहीतक प्रबंधात हवं. बऱ्याच प्रबंधांत फक्त आधीच्या आणि नंतरच्या गुणांची तुलना असते. तो बाण मग नुसता शोभेचा.

सैद्धांतिक आणि संकल्पनात्मक चौकटीचा घोळ त्यामानाने किरकोळ आहे. एकच सिद्धांत घेऊन त्यावर अभ्यास उभा केला तर पहिली, निवडक संकल्पना स्वतः जुळवल्या तर दुसरी. पुष्कळ जण दोन्ही शब्द एकाच अर्थाने वापरतात, तेव्हा तुम्ही कोणत्या अर्थाने वापरताय ते एकदा लिहून टाका.

आणि रक्तदाब मोजणारच नसाल, तर तो चौकोन तुटक रेषेने काढा आणि खाली लिहा: 'प्रस्तुत अभ्यासात समाविष्ट नाही'.