कुर्ल्यातला ‘क’ आणि कीर्ती कॉलेजातला ‘क’ वेगळा उच्चारला जातो, मग मशीन दोन्ही ‘क’ कसे ओळखतं?

एचएमएम या सांख्यिकी पद्धतीने बोलणं ओळखणारं मशीन दोन्हींसाठी एकच मॉडेल वापरत नाही, म्हणून. आरशासमोर बोलून बघा: ‘कुर्ला’ म्हणताना ‘क’ सुटायच्या आधीच ओठ गोल होतात, ‘कीर्ती’ म्हणताना जीभ पुढे सरकते. त्यामुळे पहिल्या ‘क’ची ऊर्जा खालच्या वारंवारितेत जमते, दुसऱ्याची बरीच वर. दोघांची सरासरी काढली तर ती धड कुठल्याच ‘क’ला बसत नाही.

एचएमएम पद्धतीत म्हणून ट्रायफोन आले, म्हणजे शेजाऱ्यांसकट ध्वनी. शांततेनंतर बोललेल्या कुर्ल्याचा ‘क’ `sil-k+u`, कीर्तीचा `sil-k+i`.

खरी डोकेदुखी पुढे आहे. 40 ध्वनी धरले तर ट्रायफोन होतात 64,000, आणि त्यातले कित्येक रेकॉर्डिंगमध्ये एकदाही सापडत नाहीत. म्हणून सगळे ‘क’ एकत्र घेऊन प्रश्न विचारत फोडतात: उजवीकडे ओठ गोल करणारा स्वर आहे का? डावीकडे अनुनासिक आहे का? ज्या प्रश्नाने डेटा सर्वांत चांगला बसतो तो आधी. गटात नमुने फार कमी उरले की फोडणं थांबतं. कधीच न ऐकलेला ट्रायफोनही याच प्रश्नांवरून कुठल्यातरी गटात जातो. ही युक्ती मला ट्रायफोनपेक्षाही भारी वाटते.

मर्यादा मात्र आहे. ‘स्क्रू’ म्हणताना ओठ ‘स’पासूनच गोल होऊ लागतात, पण ट्रायफोनला उजवीकडे फक्त ‘क’ दिसतो. त्यामुळे ‘स्कीम’ आणि ‘स्क्रू’ या दोन्हींचा ‘स’ त्याच्या लेखी एकच.