नेट नसताना बिल निघालं पाहिजे, असं म्हणणारा शेठ

प्रश्न: लाँचला पंधरा दिवस राहिलेत आणि क्लायंट म्हणतोय ॲप ऑफलाइन पण चाललं पाहिजे. ठरलेल्या कामात हे नव्हतंच. नाराज न करता नाही कसं म्हणू?

माझ्याकडे सेम केस झालेली. बिस्किट-फरसाणचा डिस्ट्रिब्युटर, सहा सेल्समन, ऑर्डर आणि बिलिंगचं ॲप. लाँचच्या बारा दिवस आधी शेठचा फोन, आमची पोरं खेड्यात जातात तिथे रेंज नसते, बिल तिथेच निघालं पाहिजे, एवढंसं तर काम आहे. मी फोनवर सिंक, डेटाबेस असलं काहीतरी सांगत बसलो आणि त्यांना वाटलं ह्याला जमत नाहीये.

मग सरळ गोडाऊनला गेलो. म्हटलं शेठ, चाळीस पेट्या शिल्लक आहेत, दोन पोरं दोन गावात, दोघांनाही रेंज नाही, दोघांनीही चाळीस-चाळीसचं बिल फाडलं, तर माल कोणाला देणार? गप्प झाले. दुसरं म्हणजे बिल नंबर. जीएसटीत नंबर ओळीने लागतो आणि एका आर्थिक वर्षात तोच नंबर परत चालत नाही. दोन्ही फोनना शेवटचं बिल 511 माहिती, मग दोघंही 512 काढणार. उपाय आहे, प्रत्येक सेल्समनची वेगळी सिरीज ठेवता येते, नियमात बसतं, पण त्यासाठी त्यांच्या सीएशी बोलायचं, अकाउंटिंगची एंट्री बदलायची, टेस्टिंग करायचं, म्हणजे पाच आठवडे. "लाँच पुढे ढकलू का?" विचारलं तर म्हणाले नको नको, दिवाळीच्या आत पाहिजे.

नुसतं नाही म्हणून मात्र उठलो नाही. ऑफलाइन बिल नाही पण ऑफलाइन ऑर्डर देतो म्हटलं. ऑर्डर फोनमध्येच सेव्ह होईल, वर "पाठवायची बाकी" असं दिसेल, रेंज आली की जाईल, बिल ऑफिसमधून निघून मालाबरोबर जाईल. तीन दिवसांचं काम होतं, त्याच्या बदल्यात टार्गेटचा चार्ट पुढे ढकलला (तो तसाही कोणी बघणार नव्हतं).

त्याच संध्याकाळी मेल टाकला आणि हे तुम्ही पण नक्की करा. ऑफलाइन बिल फेज टूमध्ये, त्यात नक्की काय येणार, त्याचे पैसे वेगळे, आणि लाँचनंतर एक महिन्याने बसून ठरवायचं, तारखेसकट. मागे एकाला नुसतं "नंतर करू" म्हटलेलं, त्याने ते "फुकट करू" असं ऐकलं आणि शेवटचा हप्ता अडकवून ठेवला.

अजून एक केलेलं, ऑर्डर फोनवर कधी लिहिली आणि सर्व्हरला कधी पोचली ह्या दोन्ही वेळा सेव्ह करत होतो. महिन्याने बघितलं तर तासाभरापेक्षा जास्त अडकलेल्या ऑर्डरी फक्त दोन रूटवरच्या, बाकी चौघांना काही अडचणच नव्हती. फेज टू झाली, पण सहाच्या जागी दोनच सिरीज लागल्या आणि माझं बिलही आधी सांगितलेल्या आकड्यापेक्षा कमी झालं.