अक्षांश की अक्षवृत्त? आज्जांच्या बोटीची वाट

प्रश्न: "मी बेळगावची. मुलांसाठी छोटी गोष्ट लिहितेय. आज्जा तरुणपणी मुंबईहून बोटीनं मोंबासाला गेलेले, आणि नात पृथ्वीगोलावर त्यांची वाट शोधते. अक्षांश नि अक्षवृत्त, रेखांश नि रेखावृत्त यांतलं कुठं काय लिहायचं? एका ठिकाणी 'देशांतर' वाचलं, ते चालेल का?"

अक्षांश म्हणजे कोन. एखादं ठिकाण विषुववृत्तापासून उत्तरेला किंवा दक्षिणेला किती अंशांवर आहे, ते सांगणारा आकडा. तेवढाच अक्षांश असलेली सगळी ठिकाणं जोडली की गोलाभोवती जे वर्तुळ होतं, ते अक्षवृत्त. म्हणून नात विचारेल "अक्षांश किती?", पण तिचं बोट फिरेल अक्षवृत्तावरून. रेखांश आणि रेखावृत्ताचंही असंच आहे. फक्त रेखावृत्त हे नावात वृत्त असूनही अर्धंच वर्तुळ असतं, ध्रुवापासून ध्रुवापर्यंत. त्यामुळे "रेखावृत्तावरून बोट फिरवत ती पुन्हा बेळगावला आली" असं वाक्य लिहू नका. ध्रुव ओलांडला की ती दुसऱ्याच रेखावृत्तावर जाते.

सुरुवात गावापासून करा, कारण आपला भाग त्यासाठी फार सोयीचा आहे. शाळेतल्या बऱ्याच गोलांवर दर १५ अंशांना रेघ असते. १५ अंश उत्तर अक्षवृत्त आणि ७५ अंश पूर्व रेखावृत्त एकमेकांना छेदतात ते उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या मुंडगोडच्या आसपास. बेळगाव साधारण १५ अंश ५१ मिनिटे उत्तर, ७४ अंश ३० मिनिटे पूर्व, म्हणजे त्या छेदापासून जरासं वर आणि डावीकडे. ३० सेंटिमीटर व्यासाच्या गोलावर १ अंश जेमतेम अडीच मिलिमीटरचा होतो, म्हणून बेळगावचा ठिपका छेदाला जवळजवळ चिकटलेला दिसेल. नुसतं "आपण १५व्या अक्षवृत्ताजवळ" म्हणून मात्र गाव सापडत नाही. त्याच रेघेवर पश्चिमेला बोट नेलं तर सुदानमधल्या खार्टूमच्या जवळून जातं. एक आकडा पुरत नाही हे मुलीला इथंच कळतं, समजावून सांगावं लागत नाही.

आता आज्जांची बोट. मुंबई १८ अंश ५६ मिनिटे उत्तर, मोंबासा सुमारे ४ अंश ४ मिनिटे दक्षिण. मुलं इथं हमखास वजाबाकी करतात आणि १५ अंश सांगतात. दोन्ही ठिकाणं विषुववृत्ताच्या दोन बाजूंना आहेत, म्हणून बेरीज: २३ अंश. वजाबाकी रेखांशाची करायची, कारण दोन्ही रेखांश पूर्वच आहेत: ७२ अंश ५० मिनिटांतून ३९ अंश ४० मिनिटे वजा, उरले ३३ अंश १० मिनिटे. दोन शहरांत दोरा ताणून धरला तर त्या गोलावर तो सुमारे साडेदहा सेंटिमीटर भरतो, म्हणजे ४,४०० किलोमीटरांच्या आसपास. ताशी १६ सागरी मैलांनी जाणारी बोट कुठंही न थांबता सव्वासहा दिवस घेईल. वाटेत सेशेल्सला थांबवलीत तर दिवस वाढवा आणि दोराही तिकडून न्या.

विषुववृत्त ओलांडतानाचं वाक्य असं लिहिता येईल: "बोटीनं विषुववृत्त ओलांडलं, तवा अक्षांश शून्य." "शून्य अक्षांशावरून पुढं सरकली" लिहिलं तरी अर्थ कळतो, पण ओलांडायला रेघ लागते, आणि रेघ म्हणजे वृत्त. नात लगेच विचारू दे, "मग आज्जा, उत्तर संपली, दक्षिण लागली?" होय, तिथून पुढं आकडा पुन्हा वाढायला लागतो, फक्त दिशा बदलते.

अंशाखालची "मिनिटे" ही एक अडचण. घड्याळाची मिनिटं आणि कोनाची मिनिटं वेगळी: १ अंश म्हणजे कोनाची ६० मिनिटं, पण सूर्याला रेखांशाचा १ अंश सरकायला घड्याळाची ४ मिनिटं लागतात. ३३ अंश १० मिनिटांच्या फरकानं मोंबासाला सूर्य मुंबईपेक्षा २ तास १३ मिनिटं उशिरा माथ्यावर येतो. तरी आज्जांनी घड्याळ अडीच तास मागं घेतलेलं दाखवा, कारण आजची तिथली प्रमाणवेळ आपल्यापेक्षा तेवढी मागं आहे. छोट्या गोष्टीत शक्य तिथं पूर्ण अंशच वापरा.

"देशांतर" नको. हिंदीत तो रेखांशाचा शब्द आहे आणि पंचांगातही तो भेटतो, पण मराठी वाचकाला "आज्जांचं देशांतर" म्हणजे ते गाव सोडून परदेशी राहायला गेले असंच वाटेल, आणि तुमच्या गोष्टीत ते तसे गेलेही असतील, म्हणजे घोटाळा दुप्पट. शिवाय कन्नडमध्येही अक्षांश, रेखांश हेच शब्द आहेत, तेव्हा कन्नड माध्यमात शिकणाऱ्या शेजारच्या मुलीलाही ते नवे वाटणार नाहीत.