फायरिंग अँगल आणि सरासरी व्होल्टेज: नवशिक्यांसाठी सल्ला

पहिला प्रयोग थेट 230 व्होल्टवर न करता 24 व्होल्टच्या ट्रान्सफॉर्मरवर, एकच थायरिस्टर आणि 10 ओहमचा रोध घेऊन करावा. पुरवठा मेन्सपासून विलग असल्याने ऑसिलोस्कोप जोडतानाही धोका कमी राहतो.

धन अर्धचक्र सुरू झाले तरी गेटला पल्स मिळेपर्यंत थायरिस्टर बंदच असतो. शून्यछेदापासून पल्सपर्यंतचा हा विलंब म्हणजे फायरिंग अँगल α. आपल्याकडील 50 हर्ट्‌झच्या पुरवठ्यात 60 अंश म्हणजे सुमारे 3.33 मिलिसेकंद. भार निव्वळ रोधाचा असल्याने प्रवाह 180 अंशांवर व्होल्टेजबरोबरच शून्य होतो आणि थायरिस्टर आपोआप बंद पडतो, म्हणून सरासरी व्होल्टेज असे येते:

Vdc = (Vm / 2π)(1 + cos α)

येथे Vm म्हणजे पुरवठ्याचे शिखर व्होल्टेज, ते 24 × √2 म्हणजे सुमारे 33.9 व्होल्ट आहे. त्यामुळे α = 60° असताना Vdc 8.1 व्होल्ट येते, 90° ला 5.4. डीसी मीटर थोडे कमी दाखवेल, कारण वहनकाळात थायरिस्टरवरच सुमारे एक व्होल्ट पडतो.

मात्र रोधाची वॅट क्षमता या 8.1 व्होल्टवरून कधीही ठरवू नये. तसे केल्यास उत्तर 6.6 वॅट येते आणि 10 वॅटचा रोध पुरेसा वाटतो. परंतु उष्णता आरएमएस मूल्यावर अवलंबून असते, ते 60 अंशांना सुमारे 15.2 व्होल्ट आहे, म्हणजेच रोधात प्रत्यक्षात 23 वॅट खर्च होतात. α शून्याकडे नेल्यास हा आकडा 29 वॅटपर्यंत जातो, म्हणून मी 50 वॅटचाच रोध सुचवेन.