बेसिनच्या नळाखाली गळतंय? आधी टिश्यू पेपर घ्या

पाना नंतर. आधी खालचं सगळं कोरडं पुसा आणि नळ न उघडता दहा मिनिटं थांबा. कनेक्शन पाइपमध्ये पाणी कायम दाबाखाली असतं, त्यामुळे तो गळत असेल तर नळ बंद असतानाही ओल येते. थेंब पाइपवरून ओघळत खाली पडतो, म्हणून टिश्यू वरून खाली लावत या. पहिल्यांदा भिजेल तो जोड दोषी.

आमच्याकडे भिंतीतल्या अँगल कॉकवरून, म्हणजे पाइपचं पाणी बंद करायच्या छोट्या कॉकवरून थेंब पडत होते, गळत होतं मात्र वर, नळात पाइप शिरतो तिथे. अँगल कॉक बंद करून पाइप काढला तर ओ-रिंग चिरलेली. तिथे टेफलॉन गुंडाळू नका, पाणी रबरच अडवतं. नवा पाइप हाताने घट्ट बसवा, मग पान्याने फार तर पाव फेरा. जास्त आवळलं की रबर चिरतं.

नळ वापरल्यावरच ओल येत असेल आणि नळ हलत असेल, तर काउंटरवरचं पाणी भोकातून झिरपतंय. नळ सरळ धरून खालचा चेकनट आवळा. पाइपवरच्या जाळीवर गंज किंवा फुगवटा दिसला तर मात्र गरम-थंड दोन्ही पाइप बदलाच.